मोहरीचं तेल, मावशींचा हात आणि सहा आठवड्यांची मुलगी

"मुलगी सहा आठवड्यांची आहे. मालिशीनंतर तिच्या मांड्या आणि पाठ लाल, खरबरीत दिसतात. नवरा म्हणतो मोहरीचंच तेल लाव, आई म्हणते खोबरेल. न्हाऊ घालणाऱ्या मावशी तिची छातीही पिळतात, म्हणतात दूध साठलंय. आता काय करू? मालिश बंदच करू का?"

हे विचारणारी तरुण आई खानापूर तालुक्यातल्या माहेरी आली होती. नवरा फौजेत, पोस्टिंग उत्तरेत. बेळगावच्या आसपास अशी घरं पुष्कळ. उत्तरेतल्या शेजारणींनी मोहरीच्या तेलाचं कौतुक केलं होतं आणि ती दोन बाटल्या सोबत घेऊनच आली होती.

बाळाला आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितलं. बाळाला ताप नव्हता, दूध नीट पीत होती, वजन वाढत होतं. मग आम्ही दोघी बसलो आणि पुरळ नक्की कुठे आहे ते पाहिलं. चेहरा आणि डोकं स्वच्छ होतं, कारण तिथे आजी खोबरेल लावायची. मांड्या, पोटऱ्या आणि पाठ इथे सलग लालसर, कोरडे, बारीक साल निघणारे पट्टे होते, म्हणजे मोहरीचं तेल जिथे जिथे चोळलं होतं तिथेच. शिवाय मानेच्या घडीत आणि काखेत वेगळेच, बारीक दाण्यांचे ठिपके. ते घामोळं. तेल घडीत साचलं आणि वरून कानटोपी, स्वेटर, दुपटं. एकाच बाळाच्या अंगावर दोन वेगळ्या गोष्टी होत्या, म्हणून घरातल्या प्रत्येकाचं निदान वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटत होतं.

मोहरीचा झणका ज्या द्रव्यामुळे येतो तेच कातडीला झोंबतं. मोठ्या माणसाला त्याची ऊब वाटते, पण तान्ह्या बाळाची कातडी पातळ असते, बाहेरचं अडवणारा तिचा वरचा थर अजून पक्का झालेला नसतो. रोज चोळलं की तो थर आणखी विस्कटतो. ऑलिव्हचं तेल झोंबत नाही, तरी त्यातलं मुख्य स्निग्धाम्ल हा थर सैल करतं. त्यामुळे महाग आणि परदेशी आहे एवढ्यावर ते बाळाला चांगलं ठरत नाही. साधं सूर्यफुलाचं आणि करडईचं तेल उलट बाजूला. त्यांच्यातलं मुख्य स्निग्धाम्ल कातडी स्वतःचा थर बांधायला वापरते. खोबरेलही बहुतेक बाळांना सोसतं. आपल्या भागात करडई पिकते आणि घाण्यावर तेल मिळतं, तेव्हा बाजारातलं रंगीत, सुगंधी 'बेबी ऑइल' शोधत फिरायची गरज नाही. या तिन्हींपैकी कुठलंही तेल घ्या, फक्त ते खवट नको आणि त्यात कापूर, ओवा, लसूण कढवलेलं नको. कापूर तर बाळाच्या जवळही नको. तो कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातो आणि झटके येऊ शकतात.

या घरासाठी आम्ही असं ठरवलं: पट्टे पूर्ण बरे होईपर्यंत त्या जागांना मालिश नाही, डॉक्टरांनी दिलेलं मलम तेवढं. मग खोबरेलचा एक थेंब मांडीवर बोटभर जागेत लावून दुसऱ्या दिवशीपर्यंत पाहायचं. लाली आली नाही तर पुढे. थंडीत खोबरेल गोठतं, तेव्हा वाटी गरम पाण्यात ठेवायची, गॅसवर नाही. वरवर कोमट वाटलं तरी मध्ये चटका बसू शकतो, म्हणून आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं.

तेलाचा प्रश्न तसा सोपा. अवघड होता मावशींचा हात. त्या कन्नड बोलणाऱ्या, मराठी उत्तम समजणाऱ्या, गावातली दोन पिढ्यांची बाळं त्यांच्या हातून गेलेली. त्यांना घरी बोलवू नका असं सांगणं मला योग्य वाटलं नाही. बाळंतिणीची कंबर शेकणारं, बाळाला रोज धरणारं माणूस तोडून काय मिळणार? आम्ही एक दिवस त्यांच्यासमोरच मालिश केली.

बाळाला पाजून निदान अर्धा तास झालेला, पंखा बंद, मावशींच्या बांगड्या-अंगठ्या काढलेल्या, नखं कापलेली. पाटावर ओणवून पायांवर घेण्याऐवजी जमिनीवर दुपटं अंथरलं, कारण तेलकट बाळ हातातून निसटतं. दोन छोटे चमचे तेल पुरलं. सुरुवात पायांपासून, मांडीकडून पावलाकडे, हात सरळ सरकवत. जोर किती? हात सरकताना कातडी किंचित हलावी, पण बोटांचे ठसे उमटू नयेत, हात उचलल्यावर लाल पट्टा राहू नये. छातीवर मधून बाहेर, पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलका गोल, म्हणजे बाळाच्या उजव्या कुशीकडून वर आणि डावीकडून खाली. नाळ पडून बेंबी वाळली नसेल तर पोट सोडूनच द्यायचं. पाय जुळवून ओढून सरळ करायचे नाहीत. तान्ह्याचे पाय वाकलेले असतात ते बरोबरच असतं, ओढल्याने नितंबाचा सांधा दुखावू शकतो. बाळाला पायांना धरून उलटं लटकवणं हे तर कुणीच करू नये.

दहा-पंधरा मिनिटं खूप झाली. बाळ तोंड फिरवतंय, मुठी आवळतंय, ओरडून रडतंय, तर तिथेच थांबायचं. 'रडलं की फुप्फुसं उघडतात' हे मावशींचं म्हणणं होतं. जन्मताना पहिलं रडणं महत्त्वाचं असतं, रोजच्या मालिशीतलं नाही.

छातीचं मात्र मी स्पष्टच सांगितलं. मुलगी असो वा मुलगा, जन्मानंतर छाती सुजून गाठ लागते, कधी थेंबभर दूधही येतं. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांचा तो परिणाम, काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. पिळलं की जखम होऊन आत जंतू जातात आणि पू होऊ शकतो. एक बाजू लाल, गरम, जास्त फुगलेली दिसली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. नाकात आणि कानात तेल घालायचं नाही. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं. टाळू भरायची असेल तर वरून तेलाचं बोट फिरवावं, दाबायचं नाही. लव जावी म्हणून डाळीच्या पिठाचा गोळा फिरवणंही थांबवायला सांगितलं, लव आपली आपण गळतेच.

मावशी गप्प ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "छाती सोडते, नाक सोडते. टाळू सोडणार नाही." मी म्हटलं, बोट फिरवाल एवढंच. त्यावर त्या तयार झाल्या. नवऱ्याला फोनवर सांगायचं काम बायकोने केलं. मोहरीच्या बाटल्या भाजीच्या फोडणीला लागल्या.

पंधरवड्याने पट्टे गेले. घामोळं मात्र मध्येच परत आलं होतं. आंघोळीनंतर घड्या मऊ कापडाने टिपून घेतल्या आणि स्वेटर एक कमी केला तेव्हा ते गेलं. तेल मालिशीनंतर अंगावर ठेवून वर लोकर चढवू नका, असं मी आता प्रत्येकीला सांगते.

एक गोष्ट या मुलीला लागू नव्हती, पण पुष्कळांना लागू पडते. बाळ वेळेआधी जन्मलं असेल किंवा जन्मवजन 2 किलोच्या आत असेल तर मालिश कधी सुरू करायची ते त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावं. अशा बाळाला उघडं ठेवलं की अंगातली ऊब भराभर जाते. अंगावर कुठेही जखम किंवा ताप असेल, तर त्या दिवशी मालिश नाही. लस टोचलेल्या मांडीलाही त्या दिवशी हात लावू नये.