आत्महत्या या शब्दावर फुली

प्रश्न: "मी नागपूरहून शेतीविषयक चॅनेल चालवतो. काटोलकडच्या एका कुटुंबावर व्हिडिओ केला आहे. शीर्षक ठेवलं आहे : 'कर्जाने घेतला बळी! फवारणीचं औषध पिऊन शेतकऱ्याची आ*महत्या'. पूर्ण शब्द लिहिला तर जाहिराती जातात असं सगळे म्हणतात. फुली बरोबर, की 'टोकाचं पाऊल', 'जीवनयात्रा संपवली' असं काही लिहू? आणि व्हिडिओच्या सुरुवातीलाच घरचे म्हातारे काका एक कडक शिवी घालतात. ती ठेवली तर चालेल का?"

'आत्महत्या' पूर्ण लिहा, फुली काढा. शीर्षकातून काही काढायचंच असेल तर 'फवारणीचं औषध पिऊन' हे तीन शब्द काढा. कमाईला धोका आहे तो तिथे.

फुली मराठीत आली ती शिवीसाठी. छापताना अभद्र शब्दाच्या जागी फुल्या टाकायची आपली जुनी रीत आहे, आणि ती इतकी रुळली की बोलतानाही लोक 'त्यानं मला फुल्याफुल्या म्हटलं' असं सांगतात. यूट्यूबचा शिवीबद्दलचा नियम या रीतीशी जुळतो. शीर्षकात किंवा थंबनेलवर मध्यम किंवा कडक शिवी उघड लिहिली तर जाहिराती मर्यादित होतात. तीच शिवी फुली टाकून झाकली तर चालते. हे पाहून लोकांचा समज झाला की फुली टाकली की कुठलाही अवघड शब्द वाचतो.

पण 'आत्महत्या' ही शिवी नाही. ती विषयात मोडते, आणि विषयाचा नियम वेगळा आहे. यूट्यूबच्या यादीत हा विषय Controversial issues या नावाखाली येतो. तिथे शब्द उघडा आहे की झाकलेला, याला महत्त्व नाही. प्रसंग कसा सांगितला, किती तपशिलात सांगितला आणि चित्रात काय दाखवलं, हे पाहिलं जातं. लोकांची भीती अगदीच निराधार नव्हती. पूर्वी अख्खा व्हिडिओ या विषयावर असला, तर तो संयमाने केलेला असूनही मर्यादित जाहिरातींत जात असे. जानेवारी 2026 मध्ये हा नियम सैल झाला. आत्महत्या, घरातला छळ, लैंगिक अत्याचार अशा विषयांवरची चर्चा किंवा नाट्य अंगावर येणाऱ्या तपशिलांवाचून केलं असेल, तर आता पूर्ण जाहिराती मिळू शकतात. बालकांवरचे अत्याचार मात्र या सवलतीत नाहीत.

तेव्हा प्रश्न उरतो तपशिलाचा, आणि इथे मराठीची एक खोड आडवी येते. मृत्यूचं नाव घेणं टाळायचं म्हणून आपण जे पर्यायी शब्द वापरतो, त्यांतले बरेचसे चक्क पद्धत सांगतात. गळफास घेतला, विहीर जवळ केली, रेल्वेखाली झोकून दिलं, विष प्राशन केलं. आपल्या विदर्भात तर 'औषध घेतलं' एवढ्यावर भागतं. इथे फवारणीच्या विषाला सगळे औषधच म्हणतात, आणि 'त्यानं औषध घेतलं' म्हटलं की काय झालं ते ऐकणाऱ्याला कळतं. बोलणाऱ्याला वाटतं आपण जपून बोललो. प्रत्यक्षात 'आत्महत्या' या शब्दातून जेवढं कळलं असतं त्याहून जास्त त्याने सांगितलेलं असतं : कशाने, कुठे, कसं. तुमच्या शीर्षकात नेमकं हेच झालं आहे. शब्दावर फुली पडली आहे आणि पद्धत उघडी लिहिली आहे.

पद्धतीचं वर्णन का टाळायचं, याचं कारण जाहिरातींच्या आधीपासूनचं आहे. भारतीय प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आधाराने आत्महत्येच्या बातमीसाठी जी सूत्रं स्वीकारली, त्यांतही पद्धतीचं उघड वर्णन नको आणि मथळा भडक नको असं सांगितलं आहे. त्याच संकटात असलेला एखादा वाचक त्या तपशिलाकडे वळू नये, ही त्यामागची काळजी आहे.

आता तुमचे पर्याय. 'टोकाचं पाऊल' हे बातमीचं ठरलेलं वाक्य आहे. पद्धत सांगत नाही एवढं त्याच्या बाजूने आहे, पण अर्थ मोघम राहतो. माणूस आंदोलनातही टोकाचं पाऊल उचलतो. 'जीवनयात्रा संपवली' मला मान्य नाही. यात्रा संपणं म्हणजे ठिकाणाला पोचणं, आणि त्या शब्दाने मृत्यूला पूर्णत्वाचा रंग चढतो. अडचणीतून सुटायचा हाही एक मार्ग आहे असं भासवणारी भाषा नको, हेही त्याच सूत्रांत आहे. 'जीव दिला', आपल्याकडचं 'जीव देला', कानाला मऊ लागतं. पण आपण दोस्तीसाठीही जीव देतो आणि देशासाठीही, त्यामुळे त्यात त्यागाची छटा येते. कर्जाने पिचून गेलेल्या माणसाच्या मरणाला ती छटा देणं मला बरोबर वाटत नाही.

'हत्या' शब्दामुळे तो माणूस गुन्हेगार वाटतो, असा आक्षेप काही जण घेतात. इंग्रजीत commit suicide म्हणतात, आणि त्यातल्या commit या क्रियापदालाच गुन्ह्याचा वास आहे, म्हणून तिकडे शब्द बदलले गेले. मराठीत आपण साधं 'करणे' वापरतो, त्यात तो वास नाही. कायद्यानेही 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात, कलम 115 मध्ये, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं आहे. 'आत्महत्या' हा कोरडा, अचूक, सरकारी कागदापासून चावडीपर्यंत सगळ्यांना कळणारा शब्द आहे. मदतीचे अर्ज 'आत्महत्याग्रस्त कुटुंब' याच नावाने होतात. आपल्यासारखं दुसरं घर काय करतंय हे शोधणारी बाई हाच शब्द लिहून शोधेल. 'आ*महत्या' असं कोण शोधतं? शिवाय देवनागरीत अर्धा त् काढून फुली टाकली की अख्खं जोडाक्षर मोडतं. आणि फुली दिसली की वाचणाऱ्याच्या मनात शिवी येते. ज्या घरात माणूस गेला, त्या घरच्या दुःखावर ती खूण का मारायची?

म्हणून शीर्षक मी असं करीन : 'शेतकरी आत्महत्येनंतरचं एक वर्ष | काटोलच्या एका घराची गोष्ट'. 'कर्जाने घेतला बळी!' जाऊ द्या. उद्गारचिन्हासकट तो भडक मथळा आहे, आणि एकाच कारणावर सगळं ढकलतो. थंबनेलवर दोर नको, औषधाची बाटली नको, मृताच्या फोटोला हारही नको. माझ्या मते अंगणात पडलेला फवारणीचा पंप किंवा कापसाचं गाठोडं पुरेसं बोलतं. त्यातही पंप टाळलात तर बरं, कारण तोसुद्धा पद्धतीकडे बोट दाखवतो. शीर्षक सुधारलं आणि चित्र तसंच ठेवलं तर उपयोग नाही, दोन्ही एकत्रच पाहिली जातात.

आता काकांची शिवी. इथे शब्दाचा नियम लागतो, आणि तो पुन्हापुन्हा बदलल्यामुळे गोंधळ झाला आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये सुरुवातीच्या सेकंदांतल्या शिवीवर कडक बंधन आलं. हलकी-जड असा भेदही जवळपास गेला, आणि अनेकांच्या जुन्या व्हिडिओंवर मर्यादित जाहिरातींचं पिवळं चिन्ह आलं. मार्च 2023 मध्ये ते ढिलं झालं. पहिल्या 7 सेकंदांत मध्यम शिवी चालेल, कडक असेल तर जाहिराती मर्यादित, असं ठरलं. जुलै 2025 मध्ये पहिल्या 7 सेकंदांतल्या कडक शिवीवरचं हे बंधनही उठलं. ही अट मुळात टीव्हीच्या रिवाजातून आली होती. जाहिरात संपते न संपते तोच शिवी ऐकू आली तर दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून मध्ये अंतर हवं. आता किती शिवराळ मजकुरावर जाहिरात लावायची हे जाहिरातदारच ठरवू शकतात. शीर्षक आणि थंबनेलचा नियम मात्र तसाच आहे, आणि व्हिडिओभर शिव्यांचा मारा असेल तर आजही फटका बसतो.

याचा अर्थ काकांची एक शिवी एकटी तुमची कमाई कापणार नाही. तरीही मी ती पहिल्या सेकंदांत ठेवणार नाही. शेतीच्या व्हिडिओंत आधी झलक दाखवायची पद्धत आहे. झलकेत शिवी, मग मुलाखतीत तीच शिवी, आणि शेवटी पुन्हा झलक. एकदा दिलेली शिवी तीनदा होते आणि वारंवारितेच्या नियमाजवळ जाते. झलक काकांच्या दुसऱ्या एखाद्या वाक्याने उघडा. शिवी मुलाखतीत, जिथे ते गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तिथे येऊ द्या. तिथे तिला संदर्भ असतो.

शिवी झाकायचीच असेल तर बीप पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत द्या. मधलंच अक्षर झाकलं तर शब्द ऐकू येतोच. खाली उपशीर्षकं देत असाल तर तिथेही पाहा. आवाजात बीप आणि अक्षरांत पूर्ण शिवी, अशी चूक फार होते. फुली वापरायची जागा ही. आणि काका 'काय बे' म्हणत असतील तर ते झाकू नका. पुण्याच्या कानाला ते उद्धट वाटेल, पण नागपुरात 'बे' म्हणजे 'रे'च.

प्रकाशित करण्याआधी व्हिडिओ Private ठेवून चढवा आणि Checks पूर्ण होऊ द्या. स्वतःच्या व्हिडिओबद्दलची प्रश्नावली येते तिथे विषय लपवू नका. पिवळं डॉलरचिन्ह आलं तर लगेच Request review दाबू नका. आधी शीर्षक आणि थंबनेल तपासा, मुलाखतीत कुठे कशाने, किती, कसं असा तपशील राहिला आहे का ते ऐका, तो काढा आणि मगच विनंती करा. त्यानंतर माणूस व्हिडिओ पाहतो आणि त्याचा निर्णय शेवटचा असतो. पिवळ्या चिन्हातही Premium सदस्यांकडून येणारा वाटा मिळत राहतो, बाकीचं उत्पन्न घटतं. लक्षात घ्या, पद्धतीचा तपशील फार असेल तर प्रश्न जाहिरातींपुरता राहत नाही. व्हिडिओवर वयाची अट येऊ शकते किंवा तो काढलाही जाऊ शकतो. तो नियम वेगळा आहे.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक टाका. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. ओळ अशी लिहिता येईल : 'तुमच्या किंवा शेजारच्या घरात कोणी आत्महत्येचा विचार बोलून दाखवत असेल तर 14416 वर फोन करा.' याही ओळीत शब्द पूर्ण लिहा, 'तसा विचार' असं लिहू नका.