गाडी बंद करून सुरू केली की ब्लूटूथ सुटतं

प्रश्न: नागपुरात धरमपेठ ते हिंगणा रोज जातो. गाडी पुन्हा सुरू केली की स्टिरिओ फोनला जोडतो आणि लगेच सुटतो. काय करू?

भाऊ, पेअरिंगची किल्ली फोन आणि स्टिरिओ दोघांकडे साठवलेली असते. एकीकडची नोंद बदलली की किल्ल्या जुळत नाहीत आणि जोडणी तुटते. म्हणून फोनमधून Forget करून भागत नाही, स्टिरिओच्या यादीतूनही तो फोन काढा. घरात आता नसलेले जुने फोनही काढा. मग दोन्ही बंद-चालू करून नव्याने पेअर करा. तपासताना घरच्यांच्या फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा, नाहीतर स्टिरिओ तिकडेच धावतो.

गाडी बंद केल्यावर यादीच रिकामी होत असेल आणि घड्याळही मागे जात असेल, तर दोष वेगळा आहे. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओच्या पिवळ्या वायरला बॅटरीचा कायमचा करंट मिळतो का, ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.