दुसरं इंद्रधनुष्य पहिल्याचं प्रतिबिंब नसतं

प्रश्न: इंद्रधनुष्यात रंगांचा क्रम कायम तोच का असतो? आणि कधीकधी वर जे फिकट दुसरं धनुष्य दिसतं त्यात तो उलटा कसा होतो?

उत्तर:

या प्रश्नावरून माझं आणि माझ्या दाजींचं चार दिवस बोलणं बंद होतं, म्हणून लिहितोय.

मी एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. दाजी शाळेत विज्ञान शिकवतात. ऑक्टोबरात ताईच्या गावी, अंबाजोगाईकडं, सोयाबीनची सुडी झाकायला गेलो होतो. परतीचा पाऊस येऊन गेला, ताडपत्री उडाली, निम्मी सुडी भिजली. संध्याकाळी सव्वापाचला मागून ऊन पडलं आणि पूर्वेला काळ्या ढगावर दोन धनुष्यं उभी राहिली. भाच्यानं विचारलं, वरचं उलटं का? दाजी ताडपत्रीची दोरी ओढत म्हणाले, "ते खालच्याचं प्रतिबिंब आहे. आरशात डावं-उजवं होतं तसं."

मी म्हणालो, दाजी, तसं नाही. तर म्हणाले, "तू चंबू धुणारा माणूस, मला फिजिक्स शिकवू लालास व्हय?"

चंबू मी धुतो, हे खरं आहे. म्हणूनच दुसऱ्या दिवशी लातूरहून गोल बुडाचा एक चंबू घेऊन आलो.

आधी थोडं शास्त्र. तानापिहिनिपाजा तुम्हाला पाठ असेलच. पाणी तांबड्याला कमी वाकवतं आणि जांभळ्याला जास्त, इतकंच शाळेत सांगतात आणि तिथंच सोडतात. किरण नेमका किती वळतो ते कुणी सांगत नाही, आणि सगळी गंमत त्या वळण्यातच आहे.

शाळेतल्या कवायतीतलं "पीछे मुड" आठवा. ते १८० अंशांचं वळण. थेंबात शिरून, मागच्या भिंतीवर एकदा आपटून बाहेर पडणारा किरण पूर्ण पीछे मुड करत नाही, अलीकडंच थांबतो. तांबडा साधारण १३८ अंश वळतो, जांभळा जवळपास १४०. पीछे मुडला तांबडा ४२ अंश कमी पडला, जांभळा ४०. सूर्य पाठीशी ठेवून उभे राहिलात तर पूर्ण पीछे मुडची दिशा म्हणजे तुमच्या डोक्याची सावली. त्या सावलीपासून ४२ अंशांवर तांबडा दिसतो आणि ४० वर, म्हणजे आतल्या बाजूला, जांभळा. पाण्याचा गुणधर्म बदलत नाही, सूर्य मागंच असतो, मग क्रम बदलणार कसा?

नेमके ४२ अंशच का? थेंबाच्या मधोमध शिरलेला किरण सरळ माघारी येतो. कडेकडं सरकत जाऊ तसा त्याचा कोन वाढत ४२ पर्यंत जातो आणि मग पुन्हा कमी व्हायला लागतो. झोका टोकाला जाऊन क्षणभर रेंगाळतो ना, तसे किरण या टोकाला गर्दी करतात. त्या गर्दीचं टोक प्रत्येक रंगाचं जरासं वेगळं असतं, म्हणून पट्टे दिसतात.

आता वरचं धनुष्य. त्यातला किरण थेंबाच्या खालच्या भागातून शिरतो, आत दोनदा आपटतो आणि वरच्या भागातून बाहेर पडतो. हा पीछे मुड ओलांडून पुढं जातो: तांबडा जवळपास २३० अंश वळतो, जांभळा २३३. इथंही जांभळाच जास्त वळला. पण पहिल्यात जास्त वळणारा पीछे मुडच्या जवळ येत होता, इथं तो आणखी लांब जातो. सावलीपासून तांबडा ५० अंशांवर, जांभळा ५३ वर. म्हणून तांबडा आत आणि जांभळा बाहेर. यात आरसा कुठंही नाही.

पुस्तकातल्या चित्रानंही घोळ होतो. त्यात एका थेंबातून जांभळा वर आणि तांबडा खाली निघताना दाखवतात, आणि पोरं विचारतात की मग धनुष्यात तांबडा वर कसा? चित्र बरोबरच आहे. पण एका थेंबाचा एकच रंग तुमच्या डोळ्यात येतो. उंचावरच्या थेंबाचा तांबडा जास्त उतरता असतो, तो डोळ्यात येतो आणि त्याचा जांभळा डोक्यावरून निघून जातो. तुमच्या वाट्याचा जांभळा खालच्या थेंबाकडून येतो.

तर चंबू. पाणी भरून, गळ्याला सुतळी बांधून तो माळवदाच्या पुढच्या आडूवरून सोडला, मागं काळी घोंगडी टांगली. सकाळचं ऊन पाठीवर घेऊन दाजींना उभं केलं आणि भाच्याला म्हटलं, पोहऱ्यासारखा हळूहळू ओढ. चंबू खाली असताना नुसता पांढुरका ठिपका दिसतो. (काचेवर सूर्याची एक चकाकी कायम असते, तिच्याकडं बघायचं नाही.) वर जाता जाता चंबूच्या खालच्या कडेला निळसर-जांभळं आलं, हिरवं, पिवळं, मग लखलखीत तांबडं, आणि एकदम गायब. मग वीतभर ओढला तरी काही नाही. आणखी ओढल्यावर वरच्या कडेला तांबडा ठिपका उमटला, फिका, आणि त्यानंतर पिवळा, हिरवा, निळा. क्रम उलटा आणि जागाही उलटी. तो मधला अंधार आकाशातही दिसतो: दोन धनुष्यांमधली पट्टी बाकीच्या ढगापेक्षा काळी असते, कारण एकदा आपटलेला उजेड ४२ च्या बाहेर येत नाही आणि दोनदा आपटलेला ५० च्या आत येत नाही. वरचं धनुष्य फिकं असतं कारण प्रत्येक आपटण्याला बहुतेक उजेड थेंबाबाहेर निसटतो, आणि उरलेला जास्त रुंद पट्ट्यात पसरतो.

प्रयोग माझा नाही. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणात कमालुद्दीन अल्-फारिसीनं आणि जर्मनीत फ्रायबर्गच्या थिओडोरिकनं पाण्यानं भरलेले काचेचे गोल वापरूनच हे शोधलं, दोघांनी वेगवेगळं. पुढं १६३७ मध्ये देकार्तनं ४२ चा हिशोब मांडला.

दाजींनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पावसाच्या थेंबाला कुठं काच असती?" काच पातळ असेल तर कोनात फारसा फरक पडत नाही, पण हे ऐकायला ते थांबले नाहीत.

तुम्हाला चंबू मिळाला नाही तर हात पुरतो. हात ताठ धरून पंजा ताणला की अंगठा ते करंगळी साधारण वीस अंश. डोक्याच्या सावलीपासून दोन विती मोजा, तिथं पहिलं धनुष्य. अडीच वितीवर दुसरं. दोघांचाही मध्य तीच सावली, हे लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सांगेलच. प्रतिबिंबाचं धनुष्य असतं. जायकवाडीसारख्या शांत, मोठ्या पाण्यावरून परावर्तित झालेलं ऊन थेंबांवर पडलं तर आणखी एक कमान दिसू शकते. पण तिचा मध्य सावलीपाशी नसून वर असतो, ती पहिल्या धनुष्याला क्षितिजाशी भेटते, आणि तिच्यातही तांबडा बाहेरच असतो, क्रम उलटत नाही. दाजी मात्र त्या संध्याकाळी रानात उभे होते, आणि तिथं पाणी होतं ते फक्त सुडीतून गळणारं.