उत्तरपत्रिकेत अक्षरांचा गोंधळ: दोष मुलीचा की कीबोर्डचा?

प्रश्न: सातवीच्या विज्ञानाची ऑनलाइन चाचणी घेतली. एका मुलीची बहुपर्यायी उत्तरं बरोबर आहेत, पण टाइप केलेली उत्तरं म्हणजे नुसता अक्षरांचा कचरा. खोडी आहे की कीबोर्ड बिघडलाय, हे ठरवायचं कसं? (शिक्षिका, परळ)

बाई, तुम्ही पाठवलेल्या उत्तरांमधली चार आधी इथे मांडतो.

```
oledqarf
wstedm
olxygedn
chololrfolp;hyolol
```

ही निवांत वाचा. e जिथे आहे तिथे त्याच्यापाठोपाठ d आहेच. o च्या मागे l, r च्या मागे f, w च्या मागे s. या जोड्या कुठेही फुटत नाहीत. उलट t, y, g, h, n, m, c आणि x ही अक्षरं प्रत्येक वेळी एकटीच आली आहेत. कंटाळून किंवा खोडी म्हणून बोटं आपटणाऱ्या मुलाच्या हातून अशी शिस्त पाळली जात नाही. तिथे asdf, jkjk असे मधल्या ओळीतल्या अक्षरांचे पुंजके दिसतात आणि प्रत्येक उत्तराची लांबी साधारण सारखीच असते.

लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आत प्लास्टिकच्या पातळ पडद्यांवर आडव्या आणि उभ्या रेषा छापलेल्या असतात आणि बटण दाबलं की एक आडवी रेषा एका उभ्या रेषेला टेकते. चाळीत मजला आणि खोलीचा नंबर सांगितला की बिऱ्हाड सापडतं, तसं या दोन रेषांवरून संगणक अक्षर ओळखतो. चहा सांडला किंवा पावसाळ्याची दमट हवा आत शिरली, की शेजारच्या दोन रेषांमध्ये वीज वाहू लागते. मग दोन मजले एक झाल्यासारखं होतं. e दाबा नाहीतर d, संगणकाला दोन्ही दाबल्यासारखी वाटतात आणि तो ठरलेल्या क्रमाने ed असंच उमटवतो. रेषांची रचना कंपनीगणिक बदलते. या मुलीच्या लॅपटॉपमध्ये वरच्या ओळीतली q, w, e, r, u, i, o, p आणि त्यांच्या खालची a, s, d, f, j, k, l, ; ही बटणं अशी जोडली गेलेली दिसतात. आकड्यांची रेषा वेगळी असल्यामुळे तिने टाइप केलेले आकडे शाबूत राहिले. बहुपर्यायी उत्तरं माउसने निवडायची असतात, तिथे कीबोर्डचा संबंधच आला नाही.

आता उलटं वाचू. olxygedn मध्ये पहिलं अक्षर o किंवा l, मग x, y, g, पुढे e किंवा d आणि शेवटी n. चार शक्यतांपैकी शब्द होतो एकच, oxygen. तसंच oledqarf म्हणजे leaf, wstedm म्हणजे stem आणि शेवटचं लांबलचक उत्तर chlorophyll.

इथे एक सावधगिरी हवी. बरोबर उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं आणि मग तेच दिसू लागतं. म्हणून हे वाचन प्रश्नपत्रिका न पाहिलेल्या सहकाऱ्याकडून करून घ्या. त्यांनाही तेच शब्द सापडले तर शंका उरत नाही.

तुमच्या यादीतलं wsededed हे उत्तर मात्र असं सुटणार नाही. seed लिहिलं तरी हेच उमटतं आणि weed लिहिलं तरी हेच. तो प्रश्न तिला तोंडी पुन्हा विचारा.

शेवटचा पुरावा त्या लॅपटॉपवरच मिळेल. व्हिडिओ कॉलवर तिला नोटपॅड उघडायला सांगा आणि d हे एकच बटण एकदा दाबायला सांगा. ed उमटलं तर निदान पक्कं. मग शेजारून किंवा शाळेतून आणलेला यूएसबी कीबोर्ड जोडून तेच करून पाहा. त्यावर नुसता d आला तर बिघाड आतल्या कीबोर्डमध्येच आहे. त्यावरही गोंधळ झाला तर मात्र भाषेची किंवा विंडोजची सेटिंग तपासावी लागेल.

प्रश्न: अशा वेळी पालकांना पत्र लिहायचं तर त्यात नेमकं काय असावं? मुलाला पाठीशी घातल्यासारखंही वाटायला नको आणि आईवडिलांवर ठपकाही नको. (वर्गशिक्षक, दादर)

निकालाचा आकडा बहुतेक वेळा पत्राच्या आधी घरी पोचलेला असतो. गूगल फॉर्म्समध्ये लघुउत्तराला उत्तरसूची लावली की जुळणारा शब्दच बरोबर धरला जातो आणि बाकी सगळ्याला शून्य मिळतं. फॉर्म पाठवल्याबरोबर गुण दाखवण्याची सोय चालू असेल तर वीसपैकी आठ हा आकडा मुलीच्या आधी आई पाहते. म्हणून पत्राची सुरुवात आकड्याने नको, काय घडलं त्याने करा. असं लिहिता येईल:

> मा. पालक, सप्रेम नमस्कार.
>
> मंगळवारच्या विज्ञान चाचणीत आपल्या मुलीची टाइप केलेली उत्तरं अर्थहीन अक्षरांसारखी दिसत आहेत. ती तिने मुद्दाम किंवा निष्काळजीपणे लिहिलेली नाहीत. तिच्या लॅपटॉपवर काही बटणं दाबली की दोन अक्षरं एकदम उमटतात. e दाबलं तरी ed येतं आणि d दाबलं तरी ed येतं. गुरुवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही हे तिच्यासोबत तपासलं. दुसरा कीबोर्ड जोडल्यावर अक्षरं बरोबर उमटली.
>
> सहापैकी पाच उत्तरं आम्हाला खात्रीने वाचता आली. प्रश्नपत्रिका न पाहिलेल्या एका शिक्षकांनीही ती तशीच वाचली. त्यांचे गुण दिले आहेत. एका उत्तराचे दोन अर्थ निघतात, म्हणून तो प्रश्न सोमवारी तिला तोंडी विचारू. बहुपर्यायी भागात दोन उत्तरं चुकली आहेत. त्यांचा कीबोर्डशी संबंध नाही, ते गुण तसेच राहतील.
>
> पुढच्या चाचणीपर्यंत कीबोर्ड दुरुस्त झाला नाही तरी काळजी नको, ती कागदावर लिहून फोटो पाठवू शकते. तिने टाइप केलेली मूळ उत्तरं आणि आम्ही लावलेलं वाचन सोबत जोडलं आहे.

‘मुद्दाम केलेलं नाही’ हे वाक्य दुसऱ्याच ओळीत आहे, कारण पालक तेच शोधत असतात. ते खाली गेलं तर तिथे पोचेपर्यंत घरात ओरडा झालेला असतो. बहुपर्यायी चुकांचा उल्लेख ठेवलाच पाहिजे. कीबोर्डने जे बिघडवलं नाही तेही स्पष्ट लिहिलं, तर बाकीच्या पत्रावर विश्वास बसतो. लॅपटॉप कसा बिघडला, चहा कुणी सांडला, याबद्दल एक अक्षरही लिहू नका. तुम्ही ते पाहिलेलं नाही. शिवाय अनेक घरांत तो एकच लॅपटॉप बाबांच्या कामालाही वापरला जातो.

हे पत्र वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. ते फक्त त्या पालकांना पाठवा, आणि मुलगी ते वाचेल असं धरूनच लिहा.

प्रश्न: बाईंचं असंच पत्र आम्हाला आलं. पण घरी मुलगा यूट्यूबवर शोधतो तेव्हा सगळं नीट चालतं. मग नेमकं परीक्षेतच कसं बिघडलं? (पालक, घाटकोपर)

शोधण्याच्या चौकटीत चुकीचं काही टाइप झालं तरी खाली बरोबर शब्द सुचवला जातो आणि मूल त्यावर क्लिक करतं. अनेक मुलं तर बोलूनच शोधतात. त्यामुळे घरी हा बिघाड महिनोन् महिने लपून राहू शकतो. परीक्षेच्या कोऱ्या चौकटीत सुचवणारं कुणी नसतं. मुलाने खोडून पुन्हा लिहिलं तरी तेच उमटतं, वेळ संपत येते आणि शेवटी तो आहे तसं पाठवून मोकळा होतो.

ओलाव्यामुळे झालेला बिघाड येऊन-जाऊनही असतो. सकाळी जोड्या उमटतील, दुपारी उमटणार नाहीत. म्हणून एकदाच तपासून निकाल लावू नका. नोटपॅडमध्ये a पासून z पर्यंत प्रत्येक बटण एकेकदा दाबा आणि दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी हे करा. ज्या ओळीत सव्वीसपेक्षा जास्त अक्षरं आली, तिचा फोटो काढून बाईंना पाठवा. मुलाला ओरडला असाल तर हा फोटो त्यालाही दाखवा.

दुरुस्तीचं म्हणाल तर चहा-सरबत सांडून झालेला बिघाड वरून पुसून जात नाही. साखरेचा थर आत पडद्यांमध्ये बसलेला असतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या पत्र्याला पक्का बसवलेला असतो, म्हणून बदलायचा खर्च वाढतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा जवळच्या दुकानात आधी अंदाज विचारा. तोपर्यंत काही शे रुपयांचा साधा यूएसबी कीबोर्ड पुरतो. मात्र आतलं एखादं बटण सतत दाबल्यासारखं अडकलं असेल, तर बाहेरचा जोडूनही ते अक्षर उमटत राहील. मग दुकानदाराला आतल्या कीबोर्डची पट्टी काढून ठेवायला सांगा.

प्रश्न: माझ्या मुलाच्या इंग्रजीच्या उत्तरात ‘सगतक’ आणि ‘वददक’ असे शब्द आले. हाही कीबोर्डचाच बिघाड का? (पालक, डोंबिवली)

नाही, कीबोर्ड ठणठणीत आहे. भाषा मराठीवर राहून गेली होती. इन्स्क्रिप्ट मांडणीत m वर स, i वर ग, l वर त आणि k वर क असतो. म्हणजे मुलाने milk लिहिलं आणि ‘सगतक’ उमटलं. ‘वददक’ म्हणजे book. इथे एका बटणाला एकच अक्षर येत असल्यामुळे प्रत्येक उत्तर निःसंशय परत मिळतं. बाईंना एवढंच कळवा आणि मुलाला `Win + Space` दाबून भाषा बदलायला शिकवा.

प्रश्न: एकीला असे गुण दिले तर उद्या प्रत्येक जण कीबोर्डचं कारण सांगेल. तेव्हा काय करायचं? (मुख्याध्यापिका, मुलुंड)

सांगू द्या, आणि प्रत्येक वेळी तपासा. त्याला दहा मिनिटं लागतात. ठरावीक बटणांना ठरावीक जोड्या उमटणं, माउसने दिलेली उत्तरं शाबूत असणं आणि तोच दोष त्या यंत्रावर पुन्हा दिसणं, या तीन गोष्टी एकत्र जमवून आणायच्या तर मुलाला आधी बरोबर उत्तर माहीत असावं लागेल. कोरं सोडलेलं उत्तर किंवा चुकीचा निवडलेला पर्याय यात बसतच नाही. बिघाड येऊन-जाऊन होणारा असेल आणि तपासताना दिसला नाही, तर गुणही देऊ नका आणि शून्यही देऊ नका. तेवढे प्रश्न कागदावर पुन्हा घ्या, आणि शक्यतो त्याच आठवड्यात, म्हणजे कुणी मध्ये अभ्यास करून आलं असं म्हणायला फारशी जागा राहत नाही.