तोंडी वाटप आणि रजिस्टर नसलेला कागद

> वडील गेल्यावर काका आणि आम्ही भावांनी तोंडी वाटप केलं. वीस वर्षं जो तो आपापला तुकडा कसतोय. आता चुलतभाऊ म्हणतो, रजिस्टर कागद नाही म्हणजे वाटपच नाही. खरं आहे का?

नाही. मी वकील नाही, पण हाच दावा आमच्या घराने लढवलाय. कौटुंबिक व्यवस्था तोंडी होऊ शकते आणि तिला नोंदणी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1976 च्या काळे प्रकरणातच सांगितलंय. झालेल्या वाटपाची आठवण म्हणून नंतर लिहिलेली यादीही नोंदणीविना चालते. कागदानेच वाटप होत असेल तर मात्र नोंदणी हवी.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं. सातबारा वेगळा करायला गेलो तर एका कार्यालयाने 'आधी लेख आणा' म्हणून परत पाठवलं. तिथल्याच लेखनिकाने मजकूर तयार केला: 'आज रोजी या लेखाने खालीलप्रमाणे वाटप करून देत आहोत.' या एका वाक्याने आठवणीची यादी वाटपपत्र झाली. कोर्टात हरकत आली आणि नोंदणी नाही म्हणून कागद पुराव्यातून बाजूला पडला. 'पूर्वी तोंडी वाटप झाले, त्याप्रमाणे ताबा आहे, त्याची ही नोंद' एवढंच हवं होतं. चुकीचा कागद देण्यापेक्षा त्यांनी काहीच दिलं नसतं तर बरं, असं मला आजही वाटतं.

मग दावा उभा राहिला तो वागणुकीवर. गाव नमुना बारामधली वर्षानुवर्षांची वेगवेगळी पीकपाहणी, स्वतंत्र वीजपंप, सोसायटीची वेगळी पीककर्जं. पण खरं वजन पडलं ते काकांच्या गहाणखताचं. त्यांनी बँकेला आपला तुकडा गहाण दिला होता आणि चतुःसीमेत लिहिलं होतं: 'पूर्वेस पुतण्याच्या हिश्श्याची जमीन.' वाटप झालंच नाही म्हणणाऱ्याची ही स्वतःची सही. एकदा वाटपाचा फायदा घेतल्यावर तेच नाकारता येत नाही, हे कोर्टाने मान्य केलं.

म्हणून तुमच्या चुलतभावाच्या बाजूने गहाणखत, विक्रीचा करार, कर्जाचा अर्ज, जे काही झालं असेल त्याच्या नकला काढा. फेरफाराच्या मागे फार लागू नका, त्याने मालकी ठरत नाही. आणि नुसता वेगळा ताबाही पुरत नाही, कारण सोयीसाठी वेगवेगळं कसणारे सहहिस्सेदार पुष्कळ असतात. 'आपला' म्हणून विकला, गहाण टाकला, विहीर खणली आणि इतरांनी हरकत घेतली नाही, असं काही दाखवावं लागतं.

एक गोष्ट आधीच तपासा: बहिणी त्या बोलणीत होत्या का? नसतील तर ही व्यवस्था त्यांना बांधत नाही. जमीन वडिलोपार्जित असेल आणि मुलगी हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीखाली हिस्सा मागत असेल, तर 2020 च्या विनीता शर्मा निकालानंतर केवळ तोंडी वाटपाचं म्हणणं सहसा मान्य होत नाही. त्याला सरकारी दस्तऐवजांचा भक्कम आधार लागतो. त्यामुळे बहीण असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत हे सांगा.