25 पट जमले, पण पट कशाची?

प्रश्न: मी 45 वर्षांचा, मुलुंडला स्वतःचं घर, कर्ज नाही. महिन्याचा खर्च 70 हजार. म्युच्युअल फंड आणि पीएफ मिळून 2 कोटी 10 लाख झाले, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या बरोबर 25 पट. मुलगी नववीत आहे. आता नोकरी सोडू का?

उत्तर: अजून सोडू नका. तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण त्यातले दोन्ही आकडे मला कमकुवत वाटतात.

आधी 25 घेऊ. पहिल्या वर्षी 4 टक्के काढायचे आणि पुढे महागाईइतकी रक्कम वाढवत न्यायची, या हिशोबातून तो आला. आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी 1994 मध्ये तो अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावर मांडला, तोही 30 वर्षांच्या निवृत्तीसाठी. तुम्हाला 40-45 वर्षं काढायची आहेत आणि आपल्याकडची महागाई तिथल्यापेक्षा बहुतेक काळ जास्त राहिली आहे. म्हणून मी 3 टक्के, म्हणजे साधारण 33 पट धरतो.

खरी भीती सुरुवातीच्या वर्षांची असते. समजा तुमचे 60 टक्के पैसे शेअरमध्ये आहेत आणि 2008 सारखं वर्ष नोकरी सोडल्या सोडल्या आलं. तेव्हा सेन्सेक्स निम्म्याहून खाली आला होता. 1 कोटी 26 लाखांचे जेमतेम 60 लाख उरतील. वर्षाचा खर्च काढल्यावर सगळे मिळून 1 कोटी 36 लाखांच्या आसपास राहतील आणि पुढच्या वर्षी महागाई धरून लागतील 8 लाख 90 हजार. म्हणजे 4 टक्क्यांचे साडेसहा टक्के झाले. पुढे बाजार सावरला तरी पडत्या भावात विकलेली युनिट्स परत येत नाहीत.

आता खर्च. 70 हजारांत आरोग्य विमा दिसत नाही, कारण तो आज कंपनी भरते. चौघांचा असो वा तिघांचा, स्वतः घ्यायचा तर मी वर्षाला 50 हजार धरेन, आणि वय वाढेल तसा तो महागच होईल. सोसायटीची मोठी दुरुस्ती, घराची रंगरंगोटी, फ्रिज, गावची गणपतीची फेरी, फंड विकल्यावरचा कर हेही महिन्याच्या हिशोबात येत नाही. त्याचे 1 लाख 10 हजार धरले की वर्षाचे 10 लाख होतात. 3 टक्क्यांनी भागा: 3 कोटी 33 लाख. मुलीच्या कॉलेजचे 30 लाख मी यात मिसळणार नाही, ते आजच्या पैशांतून बाजूला काढा. मग उरतात 1 कोटी 80 लाख. राहत्या घराची किंमत यात धरू नका, ते विकून खर्च भागणार नाही.

पण नोकरी नकोशी झाली असेल, तर मधली वाट आहे. वर्षाला 4 लाख मिळतील असं हलकं काम पकडलंत, तर साठ्यातून 6 लाखच लागतील. 1 कोटी 80 लाखांवर ते 3.3 टक्के होतात. थोडं जास्तच आहे, पण काम चालू असताना बाजार पडला तर खर्च आवरायला जागा राहते.

त्याआधी आरोग्य विमा स्वतःच्या नावावर घ्या, नोकरीत असतानाच. आणि मागच्या दोन वर्षांची बँक स्टेटमेंट घेऊन बसा. माझे 10 लाख अंदाज आहेत, तुमचा आकडा तिथे आहे.