पुरवठादारांची एकूण शिल्लक जुळली, तरी सही थांबवा

प्रश्न : बुटीबोरीच्या कारखान्यात अंतर्गत लेखापरीक्षण पाहतो. १ एप्रिलला नवं ईआरपी सुरू होतंय. सल्लागार म्हणतात, पुरवठादारांची शिल्लक रुपयापर्यंत जुळली, सही द्या. देऊ का?

उत्तर :
भाऊ, इतक्यात नका देऊ. ट्रायल बॅलन्स वगैरे तुम्ही पाहिलंच असेल, ते सोडतो.

हिंगण्याच्या एका कारखान्यात मलाही हेच ऐकवलं होतं. रक्कम खरोखर जुळत होती. पण सल्लागारांच्या कचेरीने प्रत्येक पुरवठादाराची सगळी बिलं मिळून एकच निव्वळ रक्कम चढवली होती, तीही १ एप्रिलच्या तारखेने. एका लघुउद्योगाचं बघा : १२ फेब्रुवारीचं बिल ३,४०,००० रुपये, २० मार्चचं १,६०,०००, आणि त्याला दिलेला अॅडव्हान्स १,००,०००. नव्या सिस्टीममध्ये ४,००,०००ची एकच ओळ. करारातली मुदत ४५ दिवसांची, म्हणजे पहिलं बिल २९ मार्चलाच देय झालं होतं. सिस्टीम मात्र १६ मे दाखवत होती. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत गेले नाहीत, तर आयकरात त्या वर्षी खर्चाची वजावट अडकते आणि व्याजही लागतं. (कराचं नेमकं तुमच्या सीएंना विचारा, मी हिशेब तपासणारा माणूस.) शिवाय अॅडव्हान्स कुठल्या ऑर्डरचा, हे कोणालाच सांगता येईना.

त्या कचेरीला मेल केला की उत्तर ठरलेलं : 'तारखा स्कोपमध्ये नाहीत.' बिलाला तारीख नको, तर मग हवं तरी काय?

ओळखायचं कसं? दोन्ही सिस्टीममधून एकाच तारखेचा एजिंग रिपोर्ट काढा. जुन्यात नव्वद दिवसांपुढचं देणं आहे आणि नव्यात सगळं तीस दिवसांच्या आत, तर घोळ आहे. उघड्या बिलांची संख्याही जुळवा, नुसती रक्कम नको. डेबिट शिल्लक असलेले पुरवठादार वेगळे काढा. नमुना निवडताना सर्वांत जुनी बिलं घ्या आणि कागदाशी पडताळा. दुरुस्ती सोपी आहे : बिलागणिक एक ओळ, बिलाची मूळ तारीख, पोस्टिंग कटओव्हरच्या दिवशी. समोरची नोंद मायग्रेशन क्लिअरिंग खात्यात जाते, आणि सगळं चढल्यावर ते खातं शून्य व्हायलाच हवं.

१ एप्रिलचा मुहूर्त मला पटत नाही. मागच्या वर्षाच्या नोंदी त्यानंतरही येत राहतात, आणि दोन्ही कामं त्याच चार माणसांच्या डोक्यावर पडतात. पण तारीख वरून ठरली असेल, तर जुनी सिस्टीम किती वाजता फक्त वाचण्यापुरती होणार आणि गेटवर उभ्या ट्रकची आवक कुठे चढणार, हे लेखी घ्या. जायचं की थांबायचं यावर लेखाप्रमुखाची सही हवी, एकट्या आयटीची चालणार नाही.

रोल्सबद्दल एकच : पुरवठादाराचं बँक खातं बदलणारा आणि पेमेंट सोडणारा एकच माणूस नको. रोल कागदावर वेगळे असतात, पण एकाच यूजरला दोन्ही दिलेले सापडतात. म्हणून यादी यूजरनिहाय मागा. आणि कटओव्हरसाठी सल्लागारांना दिलेले सर्वाधिकारी लॉगिन कोणत्या तारखेला बंद होणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.